रॅक लागली, पण गोणी कुठे ठेवायची?

मृगाचा पाऊस अजून नीट पडलेला नसतो आणि परभणीच्या मालधक्क्यावर खताची रॅक लागते. बंद डब्यांची मालगाडी, साधारण ४२ डबे, एकेका डब्यात साठ-बासष्ट टन माल. म्हणजे एका गाडीत सुमारे २,६०० टन, पन्नास किलोच्या ५२ हजार गोण्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते की जिल्ह्याला इतके टन डीएपी उपलब्ध झाले. ती वाचून शेतकरी गावाजवळच्या कृषी सेवा केंद्रावर जातो आणि दुकानदार सांगतो, "मामा, माल संपला." बातमीही खरी असते आणि दुकानदारही खरे बोलत असतो. जिल्ह्यात माल आहे आणि त्या दुकानात नाही.

बातमी एकूण साठ्याची असते. पेरणी मात्र एकेका गावात होते. या दोन्हींच्या मधे तीन थर आहेत. सगळ्यात वर जिल्ह्यातले मोठे गोदाम, जिथे रॅकवरचा माल उतरतो. मधे मोंढ्यातला घाऊक विक्रेता. खाली कृषी सेवा केंद्र, जिथे शेतकरी अंगठा लावून गोणी घेतो. माल पुरेसा असूनही टंचाई होते ती बहुतेक वेळा या तीन थरांतल्या वाटणीमुळे. २०२४ च्या रब्बीत आणि २०२५ च्या खरिपात देशभर डीएपीच खरोखर कमी होते, तो प्रश्न वेगळा. आणि कमी मालाच्या वर्षी चुकीची वाटणी जास्तच महाग पडते.

आधी गोणीची किंमत पैशात नव्हे, एकरात पाहू. सोयाबीनसाठी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश अशी आहे. साठ किलो स्फुरद म्हणजे एकरी २४ किलो. डीएपीच्या एका गोणीत २३ किलो स्फुरद असते. म्हणजे ढोबळमानाने एक गोणी, एक एकर. पुढे कुठेही "हजार गोण्या कमी पडल्या" असे आले, तर हजार एकर सोयाबीन स्फुरदाशिवाय पेरले गेले असे वाचावे. स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही. ते पेरताना बियाण्याच्या शेजारी पडले तरच मुळांना मिळते. आठवड्याने गोणी आली तर ती वरून टाकून तोच उपयोग होत नाही. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

आता थरांचा स्वभाव पाहू. जिल्ह्याच्या गोदामातली गोणी अजून कोणाचीच झालेली नसते. ती सेलूला जाऊ शकते, पालमला जाऊ शकते, जिंतूरला जाऊ शकते. पण शेतकऱ्यापासून ती दूर असते. ट्रक मिळणे, हमाल मिळणे, रस्ता, बिल, सगळे धरून एक ते दोन दिवस दूर. दुकानातली गोणी शेतकऱ्याच्या हाताशी असते, पण ती त्या एका गावाची झालेली असते. पालमच्या खेड्यात उतरलेली गोणी सेलूला नेणे कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात दुकानदाराने तिचे पैसे भरलेले असतात, ती पॉस यंत्रावर त्याच्या नावे चढलेली असते, हमाली देऊन झालेली असते, आणि आज पाऊस नसला तरी परवा पडेल ही आशा त्याच्या मनात असते. तो गोणी परत देत नाही आणि त्यात त्याचे काही चूकही नाही. माल वरून खाली सहज येतो, खालून वर जात नाही, आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात तर क्वचितच जातो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, तालुके खरे आहेत. सेलू, गंगाखेड आणि पालम अशा तीन तालुक्यांसाठी १२ हजार गोण्या डीएपी आहे. मागील वर्षांच्या सरासरीने प्रत्येक तालुक्याला पेरणीच्या आठवड्यात चार हजार गोण्या लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी तिन्ही ठिकाणी चार-चार हजार गोण्या दुकानांपर्यंत पोहोचवल्या. वर काहीच ठेवले नाही. वाटणी समान, तक्रारीला जागा नाही.

मग पाऊस येतो. पेरणी कधी करावी याबद्दल कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय घाई करू नका. सेलूकडे दोन दिवसांत चांगला पाऊस होतो आणि तिथे सगळे एकदम तिफण धरतात. मागणी साडेपाच हजारांवर जाते. गंगाखेडला सरासरीइतका, तिथे चार हजार. पालमकडे ढग येऊन गेले, तिथे निम्म्या लोकांनी पेरणी थांबवली, मागणी दोन हजार. एकूण मागणी झाली साडेअकरा हजार, म्हणजे जिल्ह्याजवळ असलेल्या मालापेक्षा पाचशेने कमीच. तरी सेलूत दीड हजार एकर डीएपीविना पेरले गेले आणि पालमच्या दुकानांत दोन हजार गोण्या थप्पीला राहिल्या. त्या दिवशी जिल्ह्याचा अहवाल पाहणाऱ्याला खत शिल्लक दिसते. अहवालात चूक नसते.

तोच पाऊस, तेवढाच माल, फक्त वाटणी बदलू. पहिल्या दिवशी प्रत्येक तालुक्यात तीन हजार गोण्या उतरवल्या आणि तीन हजार गोण्या परभणीत राखून ठेवल्या. पाऊस पडल्यावर सेलूला आणखी अडीच हजार हव्या आहेत, गंगाखेडला एक हजार. पालमकडे उलट हजार जास्त आहेत, पण त्या परत येणार नाहीत. राखीव तीन हजार, गरज साडेतीन हजार. तूट पाचशे. आधी दीड हजार होती, आता पाचशे. हजार एकर वाचले, आणि एकही गोणी नव्याने आणावी लागली नाही.

मग आणखी मागे सरकू. प्रत्येक तालुक्यात फक्त दोन हजार उतरवा आणि सहा हजार परभणीत ठेवा. आता सेलूला साडेतीन हजार आणि गंगाखेडला दोन हजार पाठवायच्या आहेत. साडेपाच हजार गोण्या हातात आहेत, वर पाचशे उरतातही. कागदावर तूट शून्य. पण त्या साडेपाच हजार गोण्या म्हणजे २७५ टन. दहाचाकी ट्रकमध्ये सोळा टन धरले तर सतरा-अठरा फेऱ्या, त्याही पेरणीच्या दोन दिवसांत, काळ्या मातीच्या रस्त्यांवर पाऊस पडत असताना. आणि त्याच दिवसांत जिल्ह्यातला प्रत्येक ट्रक आणि प्रत्येक हमाल कोणाला ना कोणाला हवा असतो. दोन दिवसांत आठच ट्रक निघाले तर पोहोचतील अडीच हजारांच्या आसपास गोण्या, आणि तूट होईल तीन हजारांची. म्हणजे सगळे खाली ढकलले होते त्याच्या दुप्पट.

यातून मला जो नियम दिसतो तो असा: राखीव साठा तेवढाच ठेवावा, जेवढा पेरणीच्या घाईत दोन दिवसांत खाली पोहोचवता येईल. गोदामात किती मावते, किंवा किती राखीव असणे बरे दिसते, हे त्याचे माप नाही. आपल्याकडे घाईच्या दिवसांत खात्रीने किती ट्रक मिळतात, ही संख्या आधी काढावी आणि राखीव साठा त्यावरून ठरवावा. वरच्या उदाहरणात नऊ-दहा ट्रकांची खात्री असेल तर तीन हजार हा योग्य आकडा आहे. पाचच ट्रकांची असेल तर दीड हजार.

एकाच ठिकाणी राखून ठेवल्याने फायदा होतो तो का, हेही समजून घेण्यासारखे आहे. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा. समजा प्रत्येक तालुक्याची सरासरी मागणी चार हजार आहे आणि ती साधारण हजाराने वर-खाली होते. प्रत्येक तालुक्याने आपापल्या पुरती खबरदारी घ्यायची ठरवली आणि वीसपैकी एकोणीस वेळा माल कमी पडू नये असे म्हटले, तर प्रत्येकाला सरासरीच्या वर सुमारे १,६५० गोण्या ठेवाव्या लागतील. नऊ तालुक्यांच्या मिळून जवळजवळ १५ हजार. पण एका तालुक्यात किती लागते याचा दुसऱ्याशी काही संबंध नसेल, तर नऊ ठिकाणचे चढउतार एकमेकांना काही प्रमाणात खोडतात. मग एकत्र ठेवलेल्या साठ्याला नऊपट नव्हे, फक्त नऊच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे तिप्पट खबरदारी पुरते. १५ हजारांच्या जागी पाच हजार गोण्या. अमेरिकेत गॅरी एपेन यांनी १९७९ मध्ये हा हिशेब नेमका मांडला.

मात्र हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. तो एकमेकांशी संबंध नसलेल्या मागण्यांचा आहे, आणि नऊही तालुक्यांवरचे आभाळ बऱ्याच अंशी एकच असते. पाऊस लांबला तर सगळीकडे लांबतो. तालुक्या-तालुक्यांच्या मागण्या निम्म्या प्रमाणात बरोबरीने हलत असतील, तर पाच हजारांऐवजी ११ हजार गोण्या लागतात. पंधरावरून अकरावर येणे हाही फायदाच आहे, पण तो आधीच्या दहा हजारांवरून चारच हजारांवर आला.

इथे एक भेद करावा लागतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. हंगामभरात किती खत लागेल, ही मागणी नऊ तालुक्यांत बरीच एकसारखी हलते. ती एकत्र ठेवून फारसे वाचत नाही. पण कोणत्या आठवड्यात लागेल, ही मागणी तालुक्या-तालुक्यात वेगळी असते. जिंतूरच्या डोंगराळ भागात पाऊस झालेला असतो तेव्हा गोदाकाठच्या सोनपेठला तो झालेला नसतो. चार दिवसांनी उलट होते. वर ठेवलेला राखीव साठा या वेळेच्या फरकावर कमाई करतो. म्हणून तो पेरणीच्या दोन-तीन आठवड्यांपुरता असावा. हंगाम संपेपर्यंत तो गोदामात धरून ठेवण्याला अर्थ नाही.

हे सगळे डीएपीबद्दल झाले. युरियाचा स्वभाव वेगळा, म्हणून त्याची वाटणीही वेगळी हवी. कापसाला नत्र हप्त्यांनी देतात. पेरणीच्या वेळी थोडे आणि मग महिन्याने, दोन महिन्यांनी. या नंतरच्या हप्त्यांना आठवडाभर मागेपुढे चालते. शेतकरी थांबू शकतो, म्हणून गोणीही थांबू शकते. त्यामुळे युरियाचा मोठा भाग वर ठेवून मागणी दिसेल तसा सोडणे परवडते. शिवाय युरिया दमट हवेत पाणी ओढून घेतो. कौलारू, गळक्या, छोट्या दुकानात पावसाळाभर पडलेल्या युरियाचे ढेकूळ होते. डीएपीला थांबायला वेळ नाही, म्हणून त्याचा बराचसा भाग पेरणीआधी खाली असला पाहिजे आणि राखीव बेताचा. ज्या जिल्ह्यात दोन्ही खते एकाच प्रमाणात तिन्ही थरांत विभागली जातात, तिथे एका खताची वाटणी नक्कीच चुकलेली असते.

सोयाबीनच्या बियाण्याचे तर आणखी निराळे. त्याचे कवच पातळ असते. पोते जितक्या वेळा चढते-उतरते आणि आदळते, तितकी उगवण घटते, आणि बियाणे म्हणून विकायला उगवण किमान ७० टक्के लागते. राखून ठेवून दुसऱ्यांदा वाटण्याचा जो फायदा खतात मिळतो, तो सोयाबीन बियाण्यात हाताळणीत निघून जाऊ शकतो. ते शक्यतो एकदाच, थेट खाली गेलेले बरे.

मग डीएपीचा राखीव भाग वर का राहत नाही? त्याचे पहिले कारण मालधक्क्यावरच आहे. रॅक ठरलेल्या तासांत रिकामी करावी लागते, नाहीतर रेल्वेचे डॅमरेज चढते. अशा वेळी सगळ्यांत सोपे असते ते रॅकवरून डायरेक्ट, म्हणजे डब्यातून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून सरळ घाऊक विक्रेत्याकडे किंवा दुकानात. गोदामात उतरवायचे म्हटले की एकदा उतरवण्याची आणि पुन्हा एकदा चढवण्याची हमाली, शिवाय भाडे. म्हणजे माल कुठे जातो हे गरजेपेक्षा घाईने ठरते. ज्याचा ट्रक धक्क्यावर उभा, त्याला माल.

गोदामाचा हा जादा खर्च खरोखर किती? समजा दोन वेळची हमाली आणि भाडे धरून गोणीमागे २० रुपये. आपल्या उदाहरणात तीन हजार गोण्या राखल्या, म्हणजे ६० हजार रुपये. त्यातून हजार एकर वाचले. एकरामागे ६० रुपये. डीएपीची गोणी शेतकऱ्याला १,३५० रुपयांना मिळते आणि टंचाईत त्याच गोणीवर नको असलेला माल माथी मारला जातो, ज्याला बाजारात लिंकिंग म्हणतात. त्या मानाने साठ रुपये काहीच नाहीत. अडचण अशी की हे साठ रुपये एकाच्या खिशातून जातात आणि वाचलेले एकर दुसऱ्याचे असतात. म्हणूनच सरकारला यात हात घालावा लागतो. राज्यात युरिया आणि डीएपीचा काही भाग संरक्षित साठा म्हणून कृषी उद्योग विकास महामंडळ, पणन महासंघ अशा संस्थांच्या गोदामांत वेगळा ठेवला जातो आणि टंचाईच्या वेळी शासकीय मंजुरीने खुला केला जातो. कल्पना बरोबर आहे. तिचे यश मात्र मंजुरी किती लवकर मिळते यावर आहे. मागणी नोंदवणे, बैठक, पत्र, मग उचल, यात पाच दिवस गेले तर तो साठा पेरणीसाठी नव्हताच. कोणत्या तालुक्यात किती दिवसांचा माल उरला की साठा आपोआप सुटेल, हा आकडा मे महिन्यातच ठरवून ठेवला पाहिजे.

आता मधल्या थराकडे येऊ. घाऊक विक्रेता नुसता मधला दलाल आहे असे पुष्कळांना वाटते. त्याचे एक काम अगदी खरे आहे. ट्रकमध्ये ३२० गोण्या येतात आणि खेड्यातल्या दुकानाला एका वेळी साठ गोण्या लागतात, त्याही डीएपी वीस, युरिया तीस, पोटॅश दहा अशा. हा भरणा करून देणारा आणि त्यासाठी उधारी सांभाळणारा कोणीतरी हवाच. राखीव साठा ठेवायला तालुक्याच्या गावचे घाऊक गोदाम ही वाईट जागा नाही. तिथून त्या तालुक्यातली सगळी दुकाने अर्ध्या दिवसावर येतात. पण तिथली गोणी दुसऱ्या तालुक्यात जात नाही, हे लक्षात ठेवून वाटणी करावी. शेजारच्या दुकानांतला फरक मिटवायला मधला थर, तालुक्या-तालुक्यातला फरक मिटवायला वरचा थर.

मधल्या थराची खरी चूक मोजण्यात होते. घाऊक विक्रेता आपले गोदाम रिकामे पाहतो आणि कंपनीला मोठी मागणी लावतो. पण त्याच्याकडून गेलेला माल शेतात गेलेला नसतो. तो त्याच्याच पंचवीस दुकानांत पडून असू शकतो. अँड्र्यू क्लार्क आणि हर्बर्ट स्कार्फ या दोघांनी १९६० मध्ये अनेक थरांच्या साठ्याचे गणित सोडवले, तेव्हा त्यांनी धरलेली मूळ गोष्ट अशी होती की प्रत्येक थराने फक्त स्वतःचा साठा मोजू नये. आपला, आणि आपल्या खालच्या सगळ्यांचा मिळून जो होतो, तो आपला साठा. गोदामात शून्य आणि दुकानांत नऊ हजार गोण्या असतील तर घाऊक विक्रेत्याचा साठा नऊ हजार आहे. गोदामात तीन हजार आणि दुकाने रिकामी असतील तर त्याचा साठा तीनच हजार आहे, आणि त्याने गोदाम भरलेले दिसते म्हणून स्वस्थ बसणे चूक आहे.

पूर्वी हे मोजणे जवळजवळ अशक्य होते. २०१८ पासून देशभर खताचे अनुदान कंपनीला दुकानातून शेतकऱ्याला झालेल्या विक्रीवर मिळते आणि त्या विक्रीची नोंद पॉस यंत्रावर होते. त्यामुळे कोणत्या दुकानात किती गोण्या आहेत हे निदान नोंदीत तरी दिसते. निदान म्हणतो, कारण माल दुकानात येऊन चार दिवस झाले तरी यंत्रावर घेतलेला नसतो, किंवा गोणी गेलेली असते आणि अंगठा नंतर एकत्र लावला जातो. नोंद आणि थप्पी यांचा मेळ लागतो का हे पाहायचे असेल तर पेरणीच्या आदल्या आठवड्यात तालुक्यातली पाच-सहा दुकाने स्वतः जाऊन मोजावीत. फरक नियमाने एकाच दिशेचा असेल तर पूर्ण तालुक्याचा आकडा तेवढ्याने सुधारून वाचता येतो.

वाटणी चुकत आहे हे आधी कळण्याच्या दोन खुणा आहेत. पहिली, साठा गोण्यांत न पाहता दिवसांत पाहावा. पालममध्ये दोन हजार आणि सेलूत दोन हजार, दोन्ही सारखे दिसतात. पण सेलूत रोज हजार गोण्या जात असतील तर तिथे दोन दिवसांचा माल आहे, आणि पालममध्ये रोज शंभर जात असतील तर वीस दिवसांचा. दोन तालुक्यांतल्या दिवसांत असा फरक पडू लागला की राखीव साठ्याचे ट्रक कुठे वळवायचे हे वेगळे विचारावे लागत नाही. दुसरी खूण पावसाची. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे रोज प्रसिद्ध होतात. ज्या मंडळात पाऊस ७५ मिलिमीटरच्या पुढे गेला तिथे दोन-तीन दिवसांत खत लागणार हे ठरलेले आहे. दुकानदाराचा फोन येण्याआधीच हा आकडा आलेला असतो, आणि त्या दोन दिवसांतच ट्रक पोहोचवायचा असतो.

फोनवरच्या मागणीवर विसंबणे धोक्याचेही आहे. टंचाईची कुणकुण लागली की शंभर गोण्यांची गरज असलेला दुकानदार तीनशे मागतो, कारण मागितल्याचा तिसरा हिस्सा मिळतो हे त्याला माहीत असते. घाऊक विक्रेता त्या तीनशेंवर आपली भर घालून वर मागतो. वरच्या माणसाला मग साऱ्या जिल्ह्यात तिप्पट मागणी दिसते. माल कमी असताना मागणीच्या प्रमाणात वाटणे म्हणजे ज्याने आकडा फुगवला त्याला बक्षीस देणे. अशा वेळी पेरणीचे क्षेत्र आणि हातातला दिवसांचा साठा या दोनच गोष्टींवर वाटावे.

आणि डीएपी खरोखरच संपले असेल, तर साठा गोणीत न मोजता स्फुरदात मोजावा. सिंगल सुपर फॉस्फेटच्या एका गोणीत आठ किलो स्फुरद असते. तीन गोण्या म्हणजे २४ किलो, एका एकराचे काम. नत्रासाठी सोबत वीस किलो युरिया. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळते, जे सोयाबीनला हवेच असते. अडचण वजनाची आहे. एका गोणीच्या जागी तीन गोण्या, म्हणजे तिप्पट ट्रक. म्हणून सुपर फॉस्फेट घाईच्या दिवसांत वरून पाठवायचा माल नाही. ते मे महिन्यातच, रस्ते कोरडे असताना दुकानांत उतरवून ठेवावे आणि राखीव ट्रक डीएपीसाठी मोकळे ठेवावेत.

या सगळ्या हिशेबात एक आकडा कुठेच मिळत नाही. वाटणीचा पाया मागील वर्षांची सरासरी विक्री असतो. पण ज्या तालुक्यात मागच्या वर्षी माल तिसऱ्या दिवशी संपला, तिथली विक्री कमी दिसते. ती मागणी कमी होती म्हणून नव्हे, माल नव्हता म्हणून. यंदा त्या कमी विक्रीवरून त्याला कमी माल येतो आणि तो पुन्हा तिसऱ्या दिवशी संपतो. ज्या तालुक्यात माल शिल्लक राहिला त्याची विक्री पूर्ण नोंदली गेलेली असते. असे दोन-तीन हंगाम गेले की चुकीची वाटणीच सरासरी होऊन बसते. पॉस यंत्रावर दिलेली गोणी दिसते, परत गेलेला शेतकरी दिसत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रचालकांना एक विनंती आहे. या हंगामात गल्ल्याशेजारी एक साधी वही ठेवा. माल नाही म्हणून ज्याला परत पाठवले, त्याची तारीख, खत आणि गोण्यांची संख्या एवढेच लिहा. नावाची गरज नाही. जूनच्या शेवटी ती बेरीज तालुका कृषी अधिकाऱ्याच्या हाती द्या. पुढच्या वर्षीची वाटणी बसेल तेव्हा तुमच्या गावचा हा आकडा दुसऱ्या कोणाकडेही नसेल.